लसीच्या दिवशीची पाव गोळी

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा तथा अभियान संचालक,
राष्ट्रीय आरोग्य अभियान, महाराष्ट्र राज्य



पेंटाव्हॅलंटची सुई मांडीत टोचून झाली, बाळ रडून शांत झालं, की आमच्या भागातल्या बऱ्याच लसीकरण सत्रांवर आईच्या हातात कागदाची एक पुडी पडते. पुडीत पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा हिस्सा असतो, कधी असे दोन हिस्से. सोबत एक वाक्य असतं: ‘रात्री ताप येईल, घरी गेल्या गेल्या पाण्यात विरघळवून पाजून टाका.’ मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. त्या पुड्या घेऊन आलेल्या आया माझ्या दवाखान्यात रोज बसलेल्या असतात. हे पत्र त्या पाव गोळीबद्दल आहे, आणि ते आपल्याला एकट्याला न पाठवता उघड लिहिते आहे, कारण यातलं निम्मं आपल्या हातात आहे आणि निम्मं त्या आयांच्या.

पाव गोळी देणाऱ्या सिस्टरवर माझा रोष नाही. अंगणवाडीच्या एका खोलीत तीस-चाळीस बाळं, उघडलेल्या कुपीची वेळ सांभाळायची, रजिस्टर भरायचं, मोबाइलवर यू-विनची नोंद करायची, आणि प्रत्येक आईला चार संदेश द्यायचे: कोणती लस दिली, तिचे काय त्रास होऊ शकतात आणि मग काय करायचं, पुढची तारीख कोणती, कार्ड जपून आणा. यातला दुसरा संदेश गर्दीत आकसून ‘गोळी पाजा’ एवढाच उरतो. शिवाय तिला एक खरी भीती असते. पहिल्या डोसच्या रात्री बाळ तापलं, घरभर जागरण झालं, तर दहाव्या आठवड्याला ती आई येत नाही. म्हणून ताप येण्याआधीच तो दाबून टाकायचा. हेतू चांगला आहे, पण त्यातून तीन अडचणी निर्माण होतात.

पहिली अडचण ‘आधीच देऊन टाका’ यातली. आपल्या कार्यक्रमातल्या पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याचा जो घटक असतो, तो त्या जंतूची अख्खी पेशी मारून केलेला असतो. त्याचं संरक्षण चांगलं, पण ताप आणि मांडीची सूज जरा जास्त. निम्म्याच्या आसपास बाळांना ताप येतो, म्हणजेच उरलेल्या निम्म्यांना येत नाही. सरसकट गोळी दिली की या दुसऱ्या निम्म्यांना विनाकारण औषध जातं. ते तरी चाललं असतं, जर त्या औषधाचा लसीवर काहीच परिणाम नसता तर.

२००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये चेक प्रजासत्ताकातला एक अभ्यास छापून आला. दहा केंद्रांतली ४५९ बाळं. निम्म्यांना लस दिल्यापासून पहिल्या चोवीस तासांत ठरावीक अंतराने पॅरासिटामॉलचे तीन डोस, निम्म्यांना काहीच नाही. पहिल्या फेरीतल्या लसींनंतर ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आलेली बाळं औषधाच्या गटात ४२ टक्के, बिनऔषधाच्या गटात ६६ टक्के. इथवर औषधाची सरशी. पण रक्त तपासल्यावर दिसलं की औषध दिलेल्या बाळांमध्ये न्यूमोकोकस, हिब, घटसर्प, धनुर्वात या आणि आणखी काही घटकांविरुद्धची प्रतिपिंडं सरासरीने कमी तयार झाली होती. आणि ३९.५ अंशांच्या वरचा, खरोखर घाबरवणारा ताप दोन्ही गटांत क्वचितच आला होता. म्हणजे जो ताप टाळला, तो बहुतांशी किरकोळ होता.

याचा बाऊ करण्याचं मात्र कारण नाही. कमी प्रतिपिंडं म्हणजे संरक्षण गेलं असं नाही. त्या अभ्यासातल्या बहुतेक बाळांची पातळी संरक्षणाला पुरेल इतकी होतीच. शिवाय तिथली डांग्या खोकल्याची लस आपल्यापेक्षा वेगळी, पेशीचे निवडक तुकडे घेऊन केलेली होती, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आपल्या बाळांना लावता येत नाहीत. तेव्हा ज्या आईने आजवर लसीबरोबर औषध दिलं, तिने पुन्हा लस द्यायची गरज नाही, मनाला लावून घ्यायचीही नाही. पुढे पोलंडमध्ये झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पॅरासिटामॉल लस टोचतानाच दिलं तर न्यूमोकोकसच्या काही प्रकारांविरुद्धची प्रतिपिंडं घटली, पण तेच सहा-आठ तासांनी सुरू केलं तर घट फारशी दिसली नाही. लसीतल्या घटकांची शरीराशी पहिली गाठ पडते, त्या पहिल्या काही तासांतली धुसफुस औषधाने शमवू नये, असा त्याचा अर्थ लावला जातो. जागतिक आरोग्य संघटनाही लसीच्या आधी किंवा लस देतानाच पॅरासिटामॉल देण्याची शिफारस करत नाही. ताप आला, बाळ कासावीस झालं, मग द्या. हे ‘मग’ आपल्या संदेशातून गळून गेलं आहे.

‘आधीच दिलं की झटके येत नाहीत’ असंही एक समर्थन ऐकू येतं. तापातले झटके साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयातले. दीड महिन्याच्या बाळात त्यांचा प्रश्नच नाही. आणि मोठ्या मुलांतही तापाचं औषध वेळच्या वेळी दिल्याने झटके टळतात असं आजवर सिद्ध झालेलं नाही. औषधाने बाळाला बरं वाटतं, दूध पितं, झोपतं. त्याच्याकडून मागावं ते एवढंच.

इथे एक अपवाद नोंदवते, कारण त्यावरून घराघरांत वाद होतात. लेक किंवा सून इंग्लंडमध्ये बाळंत झालेली असते, आणि तिथली नर्स दोन महिन्यांच्या बाळाला लसीनंतर लगेच पॅरासिटामॉल द्यायला सांगते. मग पुण्या-नाशिकची आजी फोनवर मला विचारते, ‘तुम्ही नको म्हणता, ते द्या म्हणतात, खरं कुणाचं?’ दोघांचंही. तिथे २०१५ पासून मेनिंगोकोकस-बी या जंतूची लस कार्यक्रमात आहे. इतर लसींबरोबर दिली की तिने ताप बऱ्याचदा चढतो. ती देताना पॅरासिटामॉल दिलं तर तिची प्रतिपिंडं घटत नाहीत, हे आधी तपासून पाहिलं आणि मगच तिथे तीन डोस ठरवले: ६० मिलिग्रॅमचा पहिला डोस लसीनंतर लवकरात लवकर, पुढचे दोन चार ते सहा तासांच्या अंतराने. आपल्या कार्यक्रमात ही लस नाही. म्हणून तिथला नियम इथे आणू नये आणि इथला तिथे धाडू नये.

दुसरी अडचण गोळीचीच आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना मला हैदराबादची आठवण काढावी लागते. मार्च २०१९ मध्ये तिथल्या नामपल्लीच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात पेंटाव्हॅलंटचं सत्र झालं. बाळं घरी गेली आणि काही तासांत एकेक करून सुस्त पडू लागली. अनेकांना नीलोफर रुग्णालयात दाखल करावं लागलं, दोन बाळं दगावली. पहिला संशय अर्थातच लसीवर आला. चौकशीत निघालं ते वेगळंच: पॅरासिटामॉल समजून ज्या गोळ्या वाटल्या गेल्या, त्या ट्रॅमाडॉलच्या होत्या. ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातकुळीतलं वेदनाशामक, तान्ह्या बाळाचा श्वास मंदावणारं. लस निर्दोष होती. सुटी, कापलेली, नाव-गाव नसलेली गोळी सरसकट वाटण्याची सवय जीवघेणी ठरली. पट्टीतून निघून कागदात गेलेली पांढरी गोळी कशाची आहे हे त्यानंतर कुणालाच ओळखता येत नाही, सिस्टरला नाही आणि आईला तर नाहीच.

गोळी बरोबर असली तरी मात्रा चुकते. बाळाला पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं: एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवावं आणि चोवीस तासांत चारच्या वर डोस नकोत. दीड महिन्याचं बाळ ४.२ किलोचं धरा. त्याला एका वेळी ४२ ते ६३ मिलिग्रॅम पुरे, म्हणजे व्यवहारात ५०. पाव गोळीत १२५ मिलिग्रॅम असतात, म्हणजे किलोला तीस, वरच्या मर्यादेच्या दुप्पट. घरात ६५० ची गोळी असेल आणि तिचाच ‘पाव’ केला तर १६० च्या पुढे. मेळघाटात किंवा अक्कलकुवा-धडगावकडे कमी वजनाची जन्मलेली बाळं दीड महिन्याला अडीच किलोचीही असतात, आणि लस त्यांना वयानुसार वेळेवरच द्यायची असते. त्यांच्या पोटात त्याच पाव गोळीतून किलोला पन्नास मिलिग्रॅम जातात. एकदा गेल्याने यकृत बिघडत नाही, हे घाबरलेल्या आईला मी आधी सांगते. पण तीच पाव गोळी दिवसातून चारदा, दोन-तीन दिवस दिली, तर ४.२ किलोच्या बाळाला रोज किलोला एकशे वीसच्या घरात औषध जातं. रोजच्या साठच्या मर्यादेपुढे ते धोक्याच्या हद्दीत आहे.

‘मग बाटलीतलं औषध द्या’ म्हणावं, तर तिथे आणखी मोठा खड्डा आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेलं एक बाळ सांगते. पहिला पेंटाव्हॅलंट झालेला, वजन ४.२ किलो. सत्रावर सिस्टरने गोळी न देता अगदी बरोबर सांगितलं होतं: ‘ताप आला तर पॅरासिटामॉलचं सिरप दोन मिली.’ तिच्या डोक्यात ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप होतं. दोन मिलीत बरोबर ५० मिलिग्रॅम. वडील संध्याकाळी मेडिकलवर गेले. ‘दीड महिन्याच्या बाळाला तापाचं द्या’ म्हणाले. दुकानदाराने तान्ह्यांसाठी म्हणून ड्रॉप्सची १५ मिलीची बाटली दिली. ड्रॉप्समध्ये एकेका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात. सिरपच्या मिलीत पंचवीसच असतात, म्हणजे ड्रॉप्स चौपट तीव्र. सिस्टरचे ‘दोन मिली’ आईने ड्रॉप्सचे दिले. ५० च्या जागी २०० मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, चार वेळा. चोवीस तासांत ८००, किलोला १९०.

गंमत म्हणवत नाही, पण हे पकडलं आजीने. बाळाला काहीच झालेलं दिसत नव्हतं, आणि तोच पॅरासिटामॉलचा घात आहे. जास्त मात्रेनंतर पहिला दिवस बाळ ठीकठाक दिसू शकतं. मळमळ, दूध न ओढणं, सुस्ती ही लक्षणं मागाहून, कावीळ त्याहून उशिरा. आजीचं लक्ष बाटलीकडे गेलं. ‘एवढ्याशा पोराला दिलेली बाटली एका दिवसात अर्ध्याच्या खाली कशी गेली?’ १५ मधले ८ मिली संपले होते. ती बाटली घेऊन ते आले. आम्ही लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. रक्तातली यकृताची एन्झाइम्स तपासली, उतारा म्हणून अ‍ॅसिटिलसिस्टीन सुरू झालं, आणि बाळ सुखरूप घरी गेलं. त्या घरात कुणीही निष्काळजी नव्हतं. सिस्टरचं बरोबर होतं, दुकानदाराने औषध बरोबर दिलं होतं, आईने सांगितलं तेवढंच पाजलं होतं. ‘दोन मिली’ कशाचे, हे तेवढं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून आईबापांना माझं सांगणं असं की मिली विचारण्याआधी बाटलीवरचा आकडा वाचा. लेबलवर बारीक इंग्रजीत ‘प्रत्येक ५ मिलीत’ किंवा ‘प्रत्येक मिलीत’ असं लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. सिरप १२५ चं मिळतं, २५० चंही मिळतं, आपल्या ४.२ किलोच्या बाळाला पहिल्याचे दोन मिली, दुसऱ्याचा एकच मिली, आणि १०० च्या ड्रॉप्सचा अर्धा मिली. ड्रॉप्सचा ड्रॉपर सिरपच्या बाटलीत घालू नका. घरातला चमचा किंवा बोंडलं मापाला वापरू नका; सुई नसलेली छोटी सिरिंज मेडिकलवर मिळते, तिच्या रेघा फसवत नाहीत. औषध गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडा. आणि थोरल्याची उरलेली सर्दी-तापाची बाटली धाकट्याला काढू नका. त्या मिश्रणांत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे डोस दुप्पट होतो. वर क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असतं, जे चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही असं लेबलवर छापायला औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलं आहे. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्यांसाठी २०११ पासून बंद आहे. अ‍ॅस्पिरिन नको. आयबुप्रोफेन सहा महिन्यांच्या आत डॉक्टरने सांगितल्याशिवाय नको.

आता तिसऱ्या अडचणीकडे येते. माझ्या मते हीच सगळ्यांत कमी बोलली जाणारी आणि सगळ्यांत गंभीर आहे.

आपल्या आशाताईंना आपणच शिकवलं आहे की दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग तापलं, काखेत ९९.५ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त भरलं, तर ते धोक्याचं लक्षण. घरी औषध न देता दवाखान्यात न्या. या वयात न्यूमोनिया, मेंदूज्वर, रक्तातला जंतुसंसर्ग यांचं पहिलं आणि कधीकधी एकमेव चिन्ह तापच असतं. आणि आपल्याच वेळापत्रकात पहिला पेंटाव्हॅलंट सहाव्या आठवड्याला येतो, म्हणजे त्या दोन महिन्यांच्या आतच. त्या दिवशी त्याच बाळाच्या आईला आपलीच यंत्रणा सांगते, ताप येईल, गोळी द्या, काळजी करू नका. एकाच गावात, एकाच महिन्यात, दोन उलट संदेश. आशाताईंनी कोणता पाळायचा? बहुतेक जणी दुसरा पाळतात, कारण तो ताजा असतो.

लसीचा ताप आणि जंतूंचा ताप यांतला फरक थर्मामीटर सांगत नाही, बाळ सांगतं. लसीचा ताप सहसा त्याच दिवशी, संध्याकाळपर्यंत किंवा रात्री चढतो आणि दोन दिवसांत ओसरतो. बाळ कुरकुरतं, टोचलेली मांडी हलवली की रडतं, पण उचलून घेतलं की शांत होतं आणि छातीला लागलं की ओढतं. अशा बाळाला वजनाप्रमाणे एक डोस द्यायला हरकत नाही, आणि पुढच्या काही तासांत त्याच्यावर नजर ठेवायची. पण बाळ दूध ओढत नसेल, उठवूनही उठत नसेल, अंग सैल पडलं असेल, श्वास भरभर चालला असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, रंग पांढुरका-निळसर पडला असेल, झटका आला असेल, तर ताप किती आहे हे मोजत बसू नये. औषध न देता, रात्र असली तरी, निघावं. तीन तासांहून जास्त वेळ न थांबता, न समजूत पटता रडणारं बाळही दाखवायलाच हवं. आणि लसीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी नव्याने आलेला ताप पेंटाव्हॅलंटच्या माथी मारू नये. त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. सरसकट आधी दिलेली गोळी नेमकं इथेच घात करते: जंतुसंसर्गाचा ताप काही तास झाकून ठेवते, आणि घरच्यांना वाटतं, लसीचा होता, गेला.

ज्यांचं बाळ दोन महिन्यांच्या पुढे आहे, त्यांच्यासाठी हिशेब सोपा. ताप काखेत मोजायचा: काख कोरडी करून डिजिटल थर्मामीटरचं टोक काखेच्या खोलात, हात अंगाशी धरून ठेवायचा, बीप होईपर्यंत. मोजण्याआधी टोपडं, स्वेटर, दुपट्याच्या घड्या काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मे महिन्यात तिहेरी गुंडाळलेलं, शेगडीशेजारी ठेवलेलं बाळ बिनलसीचंही ९९.५ दाखवतं. १००.४ च्या पुढे गेला आणि बाळ अस्वस्थ असेल तर औषध. १००.४ आहे पण बाळ खेळतंय, पितंय, तर औषध दिलंच पाहिजे असं नाही. अंगावर सुती पातळ कपडा, आणि दर थोड्या वेळाने अंगावर पाजणं. थंड पाण्याच्या पट्ट्यांनी बाळ कुडकुडतं आणि आतून उलट तापतं. स्पिरिट किंवा कोलन वॉटर तर अंगाला लावूच नये. मांडीला सूज असेल तर स्वच्छ, गार, ओली घडी थोडा वेळ ठेवली की पुरे. चोळणं नको, गरम शेक नको, हळदीचा लेप नको. ताप दोन दिवसांच्या पुढे गेला तर दाखवून घ्या.

नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाचा ताप मात्र वेगळ्या वेळेवर येतो. ही जिवंत, सौम्य केलेल्या विषाणूची लस. तिचा ताप सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास, कधी अंगावर बारीक पुरळासह. त्या दिवशी सत्रावर दिलेली गोळी या तापाला उपयोगाचीच नाही. त्या भेटीत न्यूमोकोकसचा बूस्टरही टोचलेला असल्यामुळे त्याचा थोडा ताप त्याच रात्री आला तर तो वेगळा. दहाव्या दिवशी अंगावर पुरळ घेऊन तापलेलं बाळ आलं की आया म्हणतात, ‘लस देऊनसुद्धा गोवर आला.’ ही गोष्ट त्यांना सत्रावर अर्ध्या मिनिटात सांगता येईल, आणि पुढची अफवा तिथेच थांबेल.

आता आपल्याकडे मागणं. सुट्या, कापलेल्या गोळ्या लसीकरण सत्रांवर वाटणं लेखी आदेशाने बंद करा. ज्यांना औषध द्यायचं, त्यांना राज्यभर एकाच तीव्रतेचं, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप, मूळ बाटलीत, मापाच्या सिरिंजसह द्या. वेगवेगळ्या तीव्रतेची खरेदी झाली की माझ्या पेशंटसारखी गफलत पुन्हा होणार. सत्रावर वजनकाटा असतोच, लसीआधी बाळाचं वजन करून सिस्टरने माता-बाल संरक्षण कार्डावर, लसीच्या तारखेशेजारी लिहावं: ‘ताप आला आणि बाळ अस्वस्थ असेल तरच, १२५ चं सिरप, इतके मिली, सहा तासांनी, दिवसात जास्तीत जास्त चार.’ कार्डाच्या पुढच्या छपाईत तेवढ्या चार ओळींची जागा करावी. तोवर रबरी शिक्का चालेल, मिलीचा आकडा पेनाने.

सहाव्या आठवड्याच्या डोससाठी वेगळा संदेश हवा, आणि आशा व एएनएम दोघींच्या प्रशिक्षणात तो एकाच शब्दांत यायला हवा. मी सुचवलेला असा: ‘या डोसनंतर ताप येऊ शकतो. बाळ पीत असेल, जागं होत असेल तर लिहून दिलेला एक डोस. तरीही दुसऱ्या दिवशी ताप असेल, किंवा कधीही बाळ पिईना, उठेना, तर औषध न देता लगेच आरोग्य केंद्रात.’ आणि सहाव्या आठवड्याच्या लसीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंची एक फेरी. त्यासाठी मानधनात काही तरतूद करावी लागेल, हे मला माहीत आहे. सिस्टरला जी भीती वाटते, की तापलेल्या बाळाची आई पुढच्या डोसला येणार नाही, तिला उत्तर पाव गोळी नव्हे, ही सकाळची फेरी आहे. बाळ रात्री तापलं, सकाळी कुणीतरी दारात येऊन बघून गेलं, तर ती आई दहाव्या आठवड्याला येते. साधा ताप हे पुढचा डोस चुकवण्याचं कारण नाही, हेही तिथेच सांगता येतं.

मेडिकल दुकानदारांच्या संघटनांशीही अन्न व औषध प्रशासनामार्फत एकदा बोलावं. ‘तान्ह्यासाठी तापाचं’ एवढं म्हणून कुणी औषध मागितलं, तर ड्रॉप्स की सिरप हे कार्डावर पाहून द्यावं, आणि कार्ड नसेल तर बाळाचं वजन विचारून, बाटलीवर मिलीचा आकडा मार्करने लिहून द्यावा.

राज्य कुटुंब कल्याण कार्यालयाने पुण्यात यावर बैठक घेतली आणि बोलावलं, तर मी माझ्याकडच्या त्या दोन्ही बाटल्या, सिरपची आणि ड्रॉप्सची, घेऊन येईन. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तर लांबून फरक ओळखू येत नाही.

कळावे,
आपली,
तालुक्याच्या गावातली एक बालरोगतज्ज्ञ